फोडणीआधी काढून ठेवलेली वाटी

ताई, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस दादरला. आठवा आठवडा चालू आहे. सकाळी डोळे उघडले की उमासे सुरू होतात आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की उलटी ठरलेलीच. चहा, गरम दूध, पोळी, लसूण, कुकरची वाफ, काहीच सहन होत नाही. पोटात राहतात ते फक्त कुरमुरे, थंड काकडी आणि आवळा सुपारी. सासूबाई रोज सकाळी प्रेमाने गरम दूध आणि तुपातला शिरा देतात, तो पाच मिनिटांत बाहेर येतो. वजन 52 वरून 51 झालंय. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घेतली की दिवसभर ढवळत राहतं. बाळाला काय मिळत असेल, ह्या विचाराने रडू येतं. मी खाऊ तरी काय?
— होणारी आई, डोंबिवली

तुझी काळजी बाळाची आहे, म्हणून आधी त्याचंच सांगते. आठव्या आठवड्यात बाळ साधारण दीड सेंटीमीटरचं असतं, राजम्याच्या एका दाण्याएवढं. एवढ्याशा जिवाला जे लागतं ते तुझ्या शरीरात आधीपासून साठलेल्या शिदोरीतून त्याला मिळतं. आज तुझ्या ताटात काय आलं आणि काय राहिलं, यावर त्याचं आजचं पोट अवलंबून नाही. पहिल्या तीन महिन्यांत आईला जास्तीचं अन्न जवळपास लागतच नाही, ती गरज चौथ्या महिन्यापासून सुरू होते. एकच गोष्ट अशी आहे जी या दिवसांत चुकवायची नाही, ती म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. बाकी समतोल आहार, हिरव्या भाज्या, दोन वेळचं दूध हे सगळं पुढच्या चार-पाच आठवड्यांपुरतं मनातून काढून टाक. आत्ता दोनच गोष्टी सांभाळायच्या: पोट अगदी रिकामं पडू द्यायचं नाही आणि पोटात पाणी टिकलं पाहिजे. कुरमुऱ्यांवर काढलेल्या दिवसाने बाळाचं काही बिघडत नाही.

घरात कुणी "मनाचे खेळ आहेत" किंवा "पित्त झालंय" म्हणत असेल, तर त्यांच्यासाठीही थोडं सांगते. गर्भाबरोबर वाढणारी वार एक संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे बरंच स्पष्ट झालं. दिवस राहण्याआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते, त्यामुळे तिचे डोहाळे जास्त कडक जातात. म्हणजे तुझी मळमळ पोटातून निघत नाही, मेंदूतून निघते, आणि तिला चेतवायचं काम बहुतेक वेळा नाक करतं. म्हणून या दिवसांत कुठल्या पदार्थात काय सत्त्व आहे हे नंतर बघायचं. आधी त्याला वास किती येतो हे बघायचं.

वासाचं गणित सोपं आहे. पदार्थ जितका गरम, तितका त्याचा वास हवेत जास्त उडतो. तीच पोळी तव्यावरून उतरताना नकोशी होते आणि चार तासांनी डब्यातून थंड निघाली की खाता येते. गरम दुधाच्या सायीचा वास ज्या बाईला उभं राहू देत नाही, ती त्याच दुधाचं फ्रीजमधलं दही वाटीभर खाते. शिऱ्याचंही तेच. रवा तुपात भाजताना घरभर वास, त्यात तो गरम, गोड आणि तुपकट. गर्भारपणात पोट तसंही हळूहळू रिकामं होतं, आणि तुपातलं अन्न त्यात आणखी रेंगाळतं. सासूबाईंच्या प्रेमात काही कमी नाही, पण तो शिरा तुझ्यासाठी आत्ता सगळ्यात अवघड पदार्थ आहे. त्यांना सांग की तो पाचव्या महिन्यात हवाय, आणि तेव्हा मागून घे.

आता फोडणी. तापलेलं तेल, तडतडणारी मोहरी, हिंग, लसूण आणि कढीपत्ता हे सगळं एका क्षणात हवेत जातं. आपल्या घरात फोडणी बंद होणार नाही, आणि घरच्या बाकीच्यांनी अळणी का खावं? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत चालतो तो उपाय असा. वरण, भाजी, पोहे जे काही शिजेल, त्यातली एक वाटी फोडणी घालायच्या आधी तुझ्यासाठी बाजूला काढायची, झाकून निववायची, आणि मग उरलेल्याला वेगळ्या कढल्यात फोडणी करून वरून ओतायची. साधं वरण म्हणजे शिजलेली तूरडाळ किंवा मूगडाळ, मीठ, चिमूटभर हळद आणि वर लिंबू. ते कोमट झालं की वास फारसा उरत नाही. फोडणीच्या आणि कुकरच्या वेळी तू त्या खोलीत असायचं नाही. तेवढ्या वेळात खाली एक फेरी मार, गॅलरीत उभी राहा, नाहीतर आंघोळीला जा. कुकर तू उठायच्या आधी किंवा तू निघाल्यावर लावता आला तर सगळ्यात उत्तम.

दुसरा शत्रू रिकामं पोट. तू रात्री नऊला दोन घास खात असशील आणि सकाळी सातला उठत असशील, म्हणजे मधे दहा तास पोटात काही नाही. त्या रिकाम्या पोटातलं आम्ल आणि उतरलेली साखर हीच तुझ्या सकाळच्या उमाशांची भर. म्हणून दिवसाची सुरुवात स्वयंपाकघरातून करायची नाही, उशीपासून करायची.

आज रात्री एक झाकणाची छोटी डबी घे. त्यात साळीच्या लाह्या भर, मूठ-दोन मुठी. साळीच्या नसतील तर ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे, मिठाची खारी, साधा टोस्ट किंवा जिऱ्याचा खाकरा चालेल, पण लाह्या सगळ्यात हलक्या, आणि त्यांना वास जवळपास नसतोच. ही डबी उशाशी ठेवायची. रात्री बाथरूमला उठशील तेव्हा चार लाह्या तोंडात टाकायच्या. सकाळी जाग आली की उठून बसायचंही नाही. पडल्या पडल्या, डोकं थोडं उंच करून, एकेक लाही तोंडात विरघळू देत दहा-पंधरा लाह्या खायच्या. पाणी प्यायचं नाही. मग पंधरा-वीस मिनिटं तसंच पडायचं, आणि नंतर कुशीवर वळून सावकाश उठायचं. यासाठी गजर अर्धा तास आधी लावावा लागेल. झोप महत्त्वाची आहे हे मला माहीत आहे, तरी ती अर्ध्या तासाची झोप यासाठी देऊन बघ. तीन-चार दिवसांत फरक कळतो.

उठल्याबरोबर दात घासायचेच असा नियम या दिवसांत मोडायला हरकत नाही. एका शिक्षिकेची मळमळ दोन आठवडे कशाने सुरू होते हेच आम्हाला उमगत नव्हतं. शेवटी तिच्या रोजच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या तेव्हा कळलं की प्रत्येक उलटी दात घासताना होत होती. पुदिन्याच्या वासाची पेस्ट आणि जिभेच्या मागच्या टोकाला लागणारा ब्रश, हे दोन्ही मिळून तिला उबळ आणत होते. तिने आधी खायला, मग तासाभराने लहान मुलांच्या ब्रशने आणि कमी वासाच्या पेस्टने दात घासायला सुरुवात केली, आणि सकाळची उलटी थांबली. दिवसातली मळमळ मात्र राहिली, ती काही त्याने जाणार नव्हती. यात आणखी एक लक्षात ठेव: उलटी झाल्या झाल्या दात घासू नकोस. तोंडात आलेल्या आम्लाने दातांचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते खरवडलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भर, आणि अर्ध्या तासाने घास.

आता तुझा दिवस लावून बघू. तू आठ-सव्वाआठला घर सोडत असशील असं धरते.

साडेसहाला लाह्या. सातला आंघोळ, पण कडकडीत पाण्याने नको, वाफेने आणखी गरगरतं. साडेसातला घरातलं पहिलं खरं खाणं, आणि ते चुलीवर न चढलेलं असावं. इथे मला सातूचं पीठ फार कामाचं वाटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि प्रवासात खायचा हा पदार्थ, आता जरा विसरल्यासारखा झालाय. दोन वाट्या गहू धुऊन, वाळवून, खमंग भाजायचे, त्यात एक वाटी पंढरपुरी डाळं घालायचं, चमचाभर सुंठ आणि चार वेलदोडे टाकून बारीक दळायचं. भाजताना वास येतो, तेव्हा हे काम सासूबाईंना किंवा आईला करू दे, नाहीतर तयार पीठ आण. तीन चमचे पीठ, अर्धा कप फ्रीजमधलं तापवून थंड केलेलं दूध आणि सुपारीएवढा किसलेला गूळ. गुठळ्या राहू न देता कालवायचं, चमच्याने खाता येईल इतपत घट्ट. दूध नकोच वाटलं तर तेच पीठ थंड ताकात, मीठ आणि जिऱ्याची पूड घालून कालव. गॅस लावायचा नाही, वाफ नाही, वास नाही, आणि गहू, हरभरा, दूध असं तीन गोष्टींचं खाणं चार चमच्यांत पोटात जातं. चार चमच्यांवर थांबायचं. बरं वाटतंय म्हणून वाटीभर खाल्लंस तर फुगलेलं पोट ते परत पाठवेल.

लोकलचा तासाभराचा प्रवास हा तुझ्या दिवसातला अवघड भाग. गर्दी, अत्तरं, कुणाच्या तरी डब्यातली भाजी. त्यासाठी रुमालात ताज्या लिंबाची साल गुंडाळून ठेव. नखाने चुरडून नाकाशी धरलीस की बाकीचे वास जरा मागे हटतात. गाडीत मोबाइलमध्ये मान घालून बसू नकोस, त्याने मळमळ वाढते. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी हवीच. फुटाणे मी मुद्दाम सांगते, कारण कोरडं आणि खारट तर ते आहेतच, शिवाय एका मुठीत जवळपास एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात. नुसत्या कुरमुऱ्यांनी भूक तासाभरात परत येते, फुटाणे पोटाला जास्त वेळ धरून ठेवतात. सालं काढून, सावकाश चावून खा.

ऑफिसमध्ये दर दीड-दोन तासांनी काहीतरी तोंडात गेलं पाहिजे, भूक लागो वा न लागो. भूक लागल्यावर खायला गेलं की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण भूक आणि मळमळ या दिवसांत एकमेकींचा हात धरूनच येतात.

डब्यासाठी एक जुनी युक्ती आहे, आणि ती तुझ्या घरातच आहे: उपासाचं कपाट. उपासाच्या पदार्थांत कांदा नसतो, लसूण नसते, मोहरी-हिंगाची फोडणी नसते, म्हणजे तुला नको असलेले सगळे वास त्यांच्यातून आधीच वजा झालेले असतात. राजगिऱ्याचा लाडू हा त्यातला पहिला. उकडून थंड केलेलं रताळं, वर मीठ आणि लिंबू, हा दुसरा. काकडी तुला चालतेच आहे, तर ती चोचवून त्यात दाण्याचं कूट, मीठ आणि दही घातलं की तीच काकडी थोडी पोटभरीची होते. आणि उपासाचं लिंबाचं लोणचं! त्यात तेल नाही, फोडणी नाही, नुसतं लिंबू, मीठ, साखर आणि थोडं तिखट. बोटाच्या टोकाएवढी फोड जिभेवर ठेवली की सुटणारं पाणी आवरतं आणि पुढचे दोन घास जातात. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, ती तुपकट आणि जड आहे. आणि हे पदार्थ उपासाचे असले तरी तू उपास करू नकोस. संकष्टी असो की एकादशी, रिकाम्या पोटाचा एक दिवस तुला पुढचे दोन दिवस झोपवेल.

पोळी बघवत नसेल तर दशमी करून बघा. कणकेत पाण्याचा थेंब न घालता नुसत्या दुधात पीठ भिजवायचं, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर दुधातच थोडा गूळ विरघळवायचा. पातळ लाटून कोरडीच भाजायची. दुधामुळे ती दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते, म्हणून तर पूर्वी प्रवासाला निघताना दशम्या बांधून देत. तुझ्यासाठी तिचा गुण हा की ती थंड खाण्यासाठीच केलेली असते. आदल्या संध्याकाळी तू घरात यायच्या आधी कुणीतरी दोन दशम्या करून डब्यात घालाव्यात. ऑफिसात मायक्रोवेव्हकडे जाऊच नकोस. दुपारी अर्धी दशमी लोणच्याच्या फोडीबरोबर, दोन तासांनी उरलेली अर्धी. मधे सफरचंदाच्या फोडी, मोसंबी किंवा डाळिंबाचे दाणे, घरून धुऊन-सोलून आणलेले. बाहेरची कापलेली फळं, चाटच्या गाडीवरचं पाणी, कच्ची मोड आलेली कडधान्यं यांपासून सध्या लांब राहा, कारण मळमळीत जुलाबांची भर पडली तर अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर दहीभात. भात शिजवून लगेच पसरट ताटलीत निववायचा, त्यात दही आणि थोडं दूध, मीठ, किसलेली काकडी, फोडणी नाही. फ्रीजमध्ये ठेवून गार खायचा, पण त्याच दिवशी संपवायचा. शिजलेला भात तासन् तास बाहेर ठेवलेला खाऊ नये, आणि कालचा तर नाहीच. ज्या दिवशी दहीही नको वाटेल त्या दिवशी आटवल भात, अगदी मऊ, त्यावर मेतकूट आणि मीठ. मेतकुटात हिंग असतं, त्याचा वास लागला तर सोडून दे आणि नुसता मऊ भात लिंबू-मीठ घालून खा. फोडणीआधी काढलेली वरणाची वाटी यावेळी. रात्री झोपताना अर्धा कप थंड दूध किंवा उरलेलं सातू, म्हणजे सकाळपर्यंतच्या दहा तासांच्या उपासातले दोन कमी होतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आज जे आवडलं ते चार दिवसांनी नकोसं होईल. होतंच तसं. ज्या पदार्थावर एकदा उलटी झाली, त्याच्याशी मेंदू ती उलटी जोडून टाकतो. म्हणून एकच पदार्थ सापडला म्हणून रोज तीन वेळा तोच खाऊ नकोस. दोन-तीन आलटून पालटून ठेव. नकोसा झाला की निमूट बाजूला कर, महिन्याभराने तो पुन्हा चालतो.

पाण्याबद्दल. जेवताना पाणी प्यायचं नाही, खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासाने. तांब्याभर एकदम नको, दोन घोट, पाच मिनिटं थांबून पुन्हा दोन घोट. साधं पाणीच नको वाटणं ही फार जणींची तक्रार असते. त्यावर कोकम चांगलं. अमृत कोकम पातळ करून त्यात चिमूट मीठ घाल आणि बर्फाच्या साच्यात गोठव. त्याचे खडे चघळायचे. एकेक खडा म्हणजे दोन घोट पाणी, आणि ते इतकं सावकाश पोटात जातं की उलटून येण्याची शक्यता कमी. शहाळ्याचं पाणी, पातळ ताक, लिंबू सरबत हेही असंच घोट-घोट. ज्या दिवशी उलट्या चार-पाच होतील त्या दिवशी औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नकोस.

सुंठेचा उपयोग होतो, पण थोडा. ज्या प्रयोगांत आल्याने मळमळ कमी झाली, त्यांत दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ दिलेली होती, म्हणजे छोटा अर्धा चमचा, आणि तोही दिवसभरात विभागून. तू सातूमध्ये ती खाणारच आहेस, वरून गुळाबरोबर चिमूटभर घे. उलट्या त्याने थांबतीलच असं नाही. छातीत जळजळ वाढली तर बंद कर, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आवळा सुपारी खा, पण ती नुसत्या आवळ्याची आहे ना ते पाकिटावर बघ. खरी सुपारी असलेला मुखवास नको.

लोहाच्या गोळीचं तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण कित्येक जणी ती गुपचूप बंद करतात आणि तिच्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिडही बंद होतं. लोहाने मळमळ वाढते हे खरं आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून देतात, पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार: "माझं हिमोग्लोबिन बघून लोह काही आठवडे पुढे ढकलता येईल का, आणि तोवर फॉलिक अ‍ॅसिडची वेगळी गोळी देता का?" हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ते नाही म्हणतील, मग गोळी बदलून किंवा रात्री झोपताना घेऊन बघता येते. हा निर्णय त्यांचा. पण विचारल्याशिवाय त्यांना कळणार नाही की तुला तिचा त्रास होतोय.

आता डबे, लाह्या, कोकम हे सगळं बाजूला ठेवून दवाखान्यात कधी जायचं ते. चोवीस तासांत पाण्याचा घोटही पोटात राहिला नाही. आठ तास लघवीला झालं नाही, किंवा झाली ती चहासारखी गडद. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उलटीत रक्त दिसलं. ताप, पोटात जोराची कळ किंवा लघवीला जळजळ आहे, कारण मग उलट्यांचं कारण वेगळं असू शकतं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जायचं, रात्र असली तरी. वजनाचा तुझा आकडाही पक्का करून ठेवू. दिवस राहण्याआधीच्या वजनाच्या पाच टक्के घट ही धोक्याची रेघ मानतात. तुझ्यासाठी ती 2.6 किलो, म्हणजे काटा साडेएकोणपन्नासच्या खाली गेला की थांबायचं नाही. एक किलो गेलाय, तेवढा या दिवसांत बऱ्याच जणींचा जातो. दर सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर, लाह्या खाल्ल्यानंतर वजन कर आणि लिहून ठेव. रोज करू नकोस, पाण्याच्या चढउताराने उगाच धास्ती बसते.

दवाखान्यात लघवी तपासतील, गरज पडली तर सलाइन लावतील. बरेच दिवस पोटात काहीच टिकलेलं नसेल तर ते मुद्दाम सांग, कारण अशा वेळी साखरेचं सलाइन लावण्याआधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं. आणि तिथपर्यंत वेळ येण्याची वाटही बघायची गरज नाही. महिनाभर असं रडत काढण्यापेक्षा पुढच्या भेटीत उलट्यांवरचं औषध माग. डॉक्सिलामिन आणि बी-6 जीवनसत्त्वाची गोळी गर्भवतींसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. तिने झोप येते, म्हणून ती केव्हा आणि किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातून स्वतःहून कुठलीही गोळी आणू नकोस. औषध घेतलं म्हणजे तू सहन करण्यात कमी पडलीस, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

मळमळ साधारण नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते, म्हणजे तुला अजून थोडं चढायचं आहे हे मी लपवत नाही. बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांत बहुतेकींची ओसरते, काहींची विसाव्यापर्यंत रेंगाळते. ओसरायला लागली की एके दिवशी तुझ्या लक्षात येईल की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली आणि तुला काही झालं नाही. तेव्हाही तेल-मोहरीच्या फोडणीवर एकदम उडी मारू नकोस. आधी ती बाजूला काढलेली वरणाची वाटी घे, तिच्यावर चमचाभर तुपात नुसते जिरे परतून घाल, हिंग नाही, लसूण नाही. ती दोन दिवस पोटात राहिली, की तिसऱ्या दिवशी सासूबाईंना सांग की आजपासून वाटी वेगळी काढू नका.